अभिप्राय-कॉलचे निमंत्रण

ग्राहकाने आपल्या वस्तूचा किंवा सेवेचा अनुभव फोनवर सांगावा यासाठी त्याला आधी मेसेज पाठवून वेळ मागणे, म्हणजे अभिप्राय-कॉलचे निमंत्रण. कॉल किती मिनिटांचा आहे ते त्यात लिहायचे आणि दोन-तीन ठरावीक वेळा सुचवायच्या.

समजा, कोथरूडच्या एका छोट्या कंपनीला आपल्या बिलिंग ॲपबद्दल अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकविक्रेत्याचे मत हवे आहे. 'सर, अभिप्राय हवा होता, कधी वेळ आहे?' या मेसेजला सहसा उत्तर येत नाही. वेळ शोधण्याचे काम त्यात ग्राहकावरच पडते, आणि फोन किती लांबेल याचाही अंदाज येत नाही. त्याऐवजी असे लिहावे:

'नमस्कार काका. मागच्या महिन्यात तुम्ही ॲपमधून परतीची बिलं करायला लागलात. त्यात कुठे अडतं, हे तुमच्याकडून ऐकायचं आहे. फोन १५ मिनिटांचा, विक्रीचा नाही. मंगळवार ८ जुलै दुपारी ३:४०, बुधवार ९ जुलै सकाळी ११:३० किंवा शुक्रवार ११ जुलै रात्री ८:४५, यातली कोणती वेळ जमेल? एकही जमत नसेल तर तुमची सांगा. नको असेल तर तसं कळवलंत तरी चालेल.'

यातल्या वेळा दुकानाचा दिवस पाहून निवडल्या आहेत. जूनमध्ये शाळा सुरू होताना या चौकात उभे राहायला जागा नसते, म्हणून जुलै. दुपारी एक ते चार दुकान बंद असेल, तर अडीचचा फोन झोपमोड करतो. ३:४० ला मालक उठून चहा घेत असतात. भोसरीच्या कारखानदाराला विचारायचे तर गुरुवार वेगळा धरावा लागतो, कारण तिथे अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी त्या दिवशी असते. वार आणि तारीख दोन्ही लिहावीत. 'पुढचा मंगळवार' म्हणजे कोणाला येता मंगळवार वाटतो, कोणाला त्यानंतरचा.

'फक्त पाच मिनिटं' मात्र लिहू नये. आपल्याकडे पाच मिनिटे म्हणजे कितीही वेळ, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामानाने पंधराचा आकडा खरा वाटतो. पण पंधरा मिनिटांत तीनच प्रश्न नीट होतात. बाराव्या मिनिटाला 'तीन मिनिटं उरली, एक प्रश्न राहिलाय, आत्ता विचारू की मेसेजवर पाठवू?' असे विचारावे. न विचारता पंचविसाव्या मिनिटापर्यंत बोलत राहिले, तर तो ग्राहक पुढच्या निमंत्रणाला होकार देत नाही.

सुचवलेल्या तिन्ही वेळा उत्तर येईपर्यंत आपल्या डायरीत राखून ठेवाव्या लागतात. त्या राखून न ठेवण्याची चूक सर्वांत जास्त होते. काकांनी 'बुधवार' कळवले आणि तोवर ती वेळ दुसऱ्याला दिलेली असली, तर माफी मागून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ज्या नंबरवरून मेसेज गेला त्याच नंबरवरून फोन करावा, कारण अनोळखी नंबर बरेच जण उचलत नाहीत. उत्तर आले नाही तर दोन-तीन दिवसांनी नव्या वेळा देऊन एकदाच आठवण करावी. त्यानंतर थांबावे.

होकार देणारे बहुधा खूप खूश तरी असतात किंवा खूप वैतागलेले. त्यामुळे अशा आठ-दहा फोनांवरून बिल नेमके कुठे अडते ते कळते. किती दुकानदारांचे अडते, ते कळत नाही.