नलिकेच्या एका कापात चार पिढ्या

वृषणाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की गोल-गोल नलिका एकमेकींना खेटून बसलेल्या दिसतात. या शुक्रजनक नलिका. प्रत्येकीची जाडी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास असते. उलगडून सरळ केली तर एकेक नलिका सहज हातभर भरते. दोन नलिकांमधल्या जागेत टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या लायडिग पेशींचे पुंजके असतात.

नलिकेची भिंत वाचायची ती बाहेरून आत. बाहेरच्या पडद्याला चिकटून स्पर्मॅटोगोनिया या मूळ पेशी असतात. त्या विभागत राहतात. काही जागेवरच राहून साठा टिकवतात, तर काही पुढच्या वाटेला लागतात. त्यांच्या आतल्या बाजूला प्राथमिक स्पर्मॅटोसाइट दिसतात. त्यांची केंद्रकं मोठी आणि आतली गुणसूत्रं जाड दोऱ्यांच्या गुंत्यासारखी असतात. आणखी आत छोट्या, गोल स्पर्मॅटिड पेशी असतात आणि पोकळीच्या काठाला लांबट, गडद डोक्यांचे जवळपास तयार शुक्राणू. पडद्यापासून पोकळीपर्यंत पसरलेल्या उंच सर्टोली पेशी या सगळ्यांना आधार देतात. फिकट केंद्रक आणि त्यातला ठळक ठिपका यांवरून त्या ओळखू येतात.

विद्यार्थी हटकून विचारतात, दुय्यम स्पर्मॅटोसाइट कुठे आहेत? पुस्तकातल्या आकृतीत त्यांचा अख्खा थर काढलेला असतो, कापात मात्र त्या शोधूनही क्वचितच सापडतात. कारण साधं आहे. प्राथमिक स्पर्मॅटोसाइट गुणसूत्रांची देवाणघेवाण करत पॅकिटीन या एकाच टप्प्यात दोनेक आठवडे काढतात, म्हणून त्या जिकडेतिकडे दिसतात. दुय्यम पेशी मात्र तयार झाल्यावर थोड्याच वेळात पुन्हा विभागून स्पर्मॅटिड होतात. जी अवस्था जास्त काळ टिकते, ती कापात जास्त दिसते.

मग हा काळ मोजला कसा? 1960च्या दशकाच्या सुरुवातीला हेलर आणि क्लेरमाँ यांनी किरणोत्सारी थायमिडीन वापरलं. डीएनएची नवी प्रत काढणारी पेशीच ते आत घेते. टोचल्यावर तासाभरात घेतलेल्या नमुन्यात, खूण उमटलेल्या पेशींपैकी सर्वांत पुढे गेलेल्या होत्या त्या नुकत्याच सुरुवात केलेल्या प्राथमिक स्पर्मॅटोसाइट. सोळा दिवसांनी नलिकेत पेशींची तीच मांडणी पुन्हा आली तेव्हा खूण पॅकिटीनमधल्या पेशींवर होती, आणि बत्तीस दिवसांनी स्पर्मॅटिडवर. म्हणजे नलिकेच्या एका जागी दर 16 दिवसांनी तेच चित्र परत येतं आणि तोवर प्रत्येक पिढी एक पायरी आत सरकलेली असते. मूळ पेशीपासून शुक्राणूपर्यंतचा प्रवास अशा साडेचारहून थोड्या जास्त फेऱ्यांचा, सुमारे 74 दिवसांचा आहे. एकाच कापात चार-पाच पिढ्या एकावर एक दिसतात त्या यामुळेच.

यातून कापाच्या वाचनाला एक इशारा मिळतो. उंदराच्या नलिकेच्या आडव्या कापात साधारणपणे एकच मांडणी भरलेली असते. माणसात तसं नाही. एकाच गोलात वेगवेगळ्या मांडण्यांचे तुकडे शेजारी-शेजारी असतात. त्यामुळे एखाद्या कोपऱ्यात लांबट डोकी दिसली नाहीत म्हणून लगेच बिघाड ठरत नाही. ती पिढी नुकतीच पोकळीत सुटलेली असू शकते.

आता खऱ्या बिघाडाचं उदाहरण घेऊ. समजा, वीर्यात एकही शुक्राणू नाही आणि वृषणाचा आकार नेहमीसारखाच आहे. कापात स्पर्मॅटोगोनिया आहेत, पॅकिटीनमधल्या पेशी तर भरपूर आहेत, पण कितीही नलिका पाहिल्या तरी गोल स्पर्मॅटिड नाहीत. हा अर्धसूत्री विभाजनापाशी अडलेला विकास. कारण बऱ्याचदा जनुकीय असतं. याउलट सगळ्या अवस्था व्यवस्थित असतील, तर कारखाना चालू आहे आणि अडथळा बाहेरच्या वाटेत आहे असं समजायचं. नलिकांत फक्त सर्टोली पेशीच उरल्या असतील तर ती तिसरीच गोष्ट.

हा फरक केंद्रकाच्या बारकाव्यांवर ठरतो, त्यामुळे नमुना कशात ठेवला यालाही महत्त्व आहे. साध्या फॉर्मलीनमध्ये वृषणाचा तुकडा आक्रसतो आणि गुणसूत्रांचे दोरे धूसर होतात. बुआँचं द्रावण वापरलं तर ते नीट टिकतात. माझ्या मते नमुना पाठवतानाच हे ठरलेलं असावं, कारण नंतर ते दुरुस्त करता येत नाही.

शिवाय एका तुकड्यावरून पूर्ण वृषणाबद्दल बोलता येत नाही. बिघाड ठिकठिकाणी कमी-जास्त असू शकतो. म्हणून शस्त्रक्रियेत मोठ्या भिंगाखाली वृषण उघडून आजूबाजूच्यांपेक्षा जाड, अपारदर्शक नलिका वेचल्या जातात. सडपातळ नलिकांत बहुधा फक्त सर्टोली पेशी असतात. जाड नलिकांत शुक्राणू मिळण्याची शक्यता जास्त असते, कारण त्यांची भिंत पेशींच्या पिढ्यांनी भरलेली असते.