हजेरीतलं मधलं नाव

समजा, दुसरीतल्या सात वर्षांच्या मुलाचे वडील रात्री हृदयविकाराने गेले. घरच्यांनी सांगितलं, “बाबा झोपेतच देवाघरी गेले.” आठवड्याभरात तो झोपायला घाबरू लागला. आईचा डोळा लागला की तिला हलवून उठवू लागला.

यात हट्ट नाही, तर्क आहे. मेलेलं माणूस परत येत नाही, त्याला भूक-थंडी लागत नाही, हे बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांच्या आसपास उमगू लागतं. त्या वयात ‘झोप’ आणि ‘देवाघर’ हे शब्द शब्दशः घेतले जातात. म्हणून सरळ सांगावं: “बाबांचं हृदय बंद पडलं. शरीराचं काम थांबलं. ते आता परत येणार नाहीत. रोजच्या झोपेत असं होत नाही.” न विचारलेल्या तीन प्रश्नांचीही उत्तरं द्यावीत: माझ्यामुळे झालं का, आईलाही होईल का, माझं कोण करणार? हेच प्रश्न तो महिनोन्‌महिने पुन्हा विचारेल. रडता रडता मध्येच खेळायला पळेल, तेही दुःखच. मुलं ते तुकड्यातुकड्यानं पेलतात. “आता तूच घरातला कर्ता, रडायचं नाही” हे वाक्य मात्र कुठल्याही मामा-काकांनी उच्चारू नये.

शाळेत परतण्याआधी आईने किंवा काकांनी वर्गशिक्षिकेला भेटावं. वर्गाला काय सांगायचं, हे मुलालाच विचारावं. रडू आलं तर न विचारता कोणाजवळ जाऊन बसायचं, तेही ठरवावं. आपल्याकडे एक गोष्ट हमखास निसटते: मुलाच्या मधल्या नावात वडील असतात, आणि हजेरीला ते रोज मोठ्याने उच्चारलं जातं. कुणाला ते हवंसं वाटतं, कुणाला सोसत नाही. आपण ठरवू नये, त्याला विचारावं.

“मला बाबांकडे जायचंय” हे ऐकून घरचे हादरतात. बहुतेकदा ती भेटीची ओढ असते, पण अंदाज बांधू नये. “म्हणजे तुला मरावंसं वाटतं का?” असं शांतपणे विचारावं, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ असेल, किंवा त्याने स्वतःला इजा केली असेल, तर त्याला एकटं न सोडता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास असते. छातीत दुखतं म्हणाला तर आधी बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्यावं. तपासणीत काही निघालं नाही आणि दुखणं तरी चालूच राहिलं, किंवा शाळा टाळणं, खेळ सुटणं, ‘माझ्यामुळेच झालं’ हे काही आठवडे टिकलं, तर समुपदेशकाकडे न्यावं. तीव्र शोक सहा महिन्यांनंतरही रोजचं जगणं अडवत असेल, तर मुलांमध्ये ‘प्रदीर्घ शोकविकारा’ची शक्यता तपासतात.

मानसशास्त्रज्ञ विल्यम वर्डन यांनी अमेरिकेत आई किंवा वडील गमावलेल्या मुलांचा दोन वर्षं मागोवा घेतला, तेव्हा काहींचा त्रास दुसऱ्या वर्षी अधिक ठळक दिसला. आपल्याकडे तोवर वर्षश्राद्ध उरकलेलं असतं आणि जूनमध्ये वर्गशिक्षिकाही बदललेली असते. नव्या बाईंना कुणी काही सांगितलेलं नसतं, आणि त्या पहिल्याच दिवशी वर्गाला विचारतात, “तुझे बाबा काय करतात?”