फोटोतल्या प्रश्नाला बरोबर पर्यायच नसेल तर: उत्तर देणाऱ्यांसाठी पार्श्वभूमी

परीक्षेची तयारी करणारी मुले अडलेल्या प्रश्नाचा फोटो काढून शिक्षकांना किंवा आधी परीक्षा दिलेल्या मित्राला पाठवतात, तेव्हा त्यांना साधारणपणे एकच अक्षर हवे असते: अ, ब, क किंवा ड. बहुतेक वेळा ते देता येते. परंतु काही प्रश्नांत चारही पर्याय चुकीचे असतात, तर काहींत दोन पर्याय सारखेच बरोबर ठरतात, आणि अशा वेळी काय सांगावे यावर सांगणाऱ्यांमध्येच मतभेद होतात. या मतभेदांच्या मुळाशी चुकीच्या प्रश्नाचे गुण कोणाला द्यायचे यावर गेली चाळीसहून अधिक वर्षे चाललेला वाद आहे.

बहुपर्यायी प्रश्नांची पद्धत अमेरिकेत विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रूढ झाली. एकाच वेळी हजारो उत्तरपत्रिका कोणीही, नंतर तर यंत्रानेही, तपासाव्यात हा तिचा हेतू होता. उत्तरतालिका बरोबर आहे हे गृहीत धरूनच ही पद्धत चालते. तालिकाच चुकली तर चूक एका परीक्षकाच्या हातून एका विद्यार्थ्यापुरती होत नाही. ती सर्वांच्या उत्तरपत्रिकांत एकाच वेळी उतरते.

आपल्याकडे या गृहीतकाला पहिला मोठा हादरा १९८३ साली बसला. उत्तर प्रदेशातील वैद्यकीय प्रवेशपूर्व परीक्षेच्या तालिकेतील काही उत्तरे प्रचलित पाठ्यपुस्तकांशी जुळत नव्हती आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने त्या वेळी घालून दिलेली कसोटी आजही उद्धृत होते. तालिकेतील उत्तर बरोबर आहे असेच आधी मानायचे. ते चुकीचे आहे हे लांबलचक तर्क लढवून नव्हे, तर उघडपणे दाखवता आले पाहिजे. त्या विषयातील कोणीही जाणकार ते उत्तर बरोबर म्हणणार नाही इतकी ती चूक स्पष्ट असली पाहिजे. त्याच निकालात, प्रश्न संदिग्ध असल्याचे लक्षात आल्यास तो वेळीच वगळावा आणि त्याला गुण देऊ नयेत, अशीही सूचना होती.

गुंता इथूनच सुरू होतो, कारण प्रश्न वगळणे म्हणजे नेमके काय करणे, याची तीन उत्तरे आहेत. एकूण गुणांतून त्या प्रश्नाचे गुण कमी करता येतात, सर्व उमेदवारांना पूर्ण गुण देता येतात, किंवा ज्यांनी तो प्रश्न सोडवण्याचा प्रयत्न केला त्यांनाच गुण देता येतात. मुलांच्या बोलण्यात या तिन्हींना सरसकट ‘बोनस’ म्हणतात, आणि त्यामुळे ‘हा प्रश्न बोनस आहे’ असे सांगितल्यावर ऐकणाऱ्याला आपले गुण वाढणार की नाही हे समजतच नाही.

पंजाबमधील वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या २००५ सालच्या प्रकरणात काही प्रश्न इतके मोघम होते की त्यांना बरोबर उत्तर असणेच शक्य नव्हते. परीक्षा घेणाऱ्यांनी सर्वांना गुण दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले आणि प्रश्नाला हात घातलेल्यांनाच गुण द्यावेत, असा आदेश दिला. बारा वर्षांनी, २०१७ च्या जेईई अ‍ॅडव्हान्स्डमध्ये, ३६६ पैकी १८ गुण चुकीच्या किंवा संदिग्ध प्रश्नांपोटी सर्वांना देण्यात आले. आधीच्या निकालाचा आधार घेऊन काही विद्यार्थी न्यायालयात गेले. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात प्रवेशप्रक्रियेला स्थगितीही मिळाली. ती १० जुलैला उठली आणि सर्वांना दिलेले गुण कायम राहिले. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत असतील तर प्रश्न संशयास्पद वाटला म्हणून तो सोडून देणारा विद्यार्थी समंजसपणेच वागलेला असतो, आणि त्याला त्याबद्दल शिक्षा होऊ नये, हा यामागचा युक्तिवाद होता. माझ्या मते तो जास्त न्याय्य आहे. ज्या परीक्षेत गुण वजा होत नाहीत, तिथे मात्र २००५ चा मार्ग चुकीचा ठरत नाही, आणि दोन निकालांमधला विरोध म्हणूनच दिसतो तितका टोकाचा नाही.

पुढे नीटच्या माहितीपुस्तिकेत या गोष्टी नियम म्हणून लिहिल्या गेल्या. एकाहून अधिक पर्याय बरोबर ठरले, तर त्यांपैकी कोणताही एक निवडलेल्यांनाच चार गुण मिळतात. एकही पर्याय बरोबर नसेल किंवा प्रश्न रद्द झाला, तर परीक्षेला बसलेल्या सर्वांना चार गुण मिळतात, मग त्यांनी तो सोडवलेला असो वा नसो. फोटो पाहून सल्ला देणाऱ्याने हा फरक नीट लक्षात ठेवायला हवा. ‘एकही बरोबर नाही’ असा प्रश्न कोरा सोडला आणि तो पुढे रद्द झाला, तर विद्यार्थ्याचे काहीच जात नाही. ‘दोन बरोबर आहेत’ असा प्रश्न कोरा सोडला, तर पुढे दोन्ही पर्याय मान्य झाले तरी त्याच्या हाती शून्यच राहते. म्हणून पहिल्या प्रकारात सोडून देण्याचा सल्ला देता येतो. दुसऱ्या प्रकारात मात्र ज्याचा आधार अधिक भक्कम वाटतो, तो एक पर्याय निवडण्यास सांगावे लागते.

२०२४ च्या नीटमधील भौतिकशास्त्राच्या प्रश्नाने ‘दोन बरोबर’ या शब्दांचा अर्थच तपासायला लावला. प्रश्नात दोन विधाने होती. अणू विद्युतदृष्ट्या उदासीन असतात, कारण त्यांत धन आणि ऋण प्रभार सारखेच असतात, हे पहिले. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट उत्सर्जित करतात, हे दुसरे. ‘प्रत्येक’ या एका शब्दामुळे दुसरे विधान चुकीचे ठरते, कारण किरणोत्सारी मूलद्रव्यांचे अणू स्थिर नसतात. परंतु बारावीच्या पाठ्यपुस्तकाच्या जुन्या आवृत्तीत ते विधान तसेच छापलेले होते. नव्या आवृत्तीत ‘बहुतेक मूलद्रव्यांचे’ अशी दुरुस्ती झाली होती. जुने पुस्तक वापरलेल्या मुलांनी आक्षेप नोंदवले आणि ‘दोन्ही विधाने बरोबर’ व ‘पहिले बरोबर, दुसरे चूक’ हे दोन्ही पर्याय ग्राह्य धरले गेले. ७२० पैकी ७२० गुण मिळवणाऱ्या ६७ जणांपैकी ४४ जण या निर्णयामुळे त्या यादीत आले होते.

हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथला आक्षेप साधा होता. हे दोन पर्याय एकमेकांना छेद देतात. दुसरे विधान एकाच वेळी बरोबर आणि चूक असू शकत नाही. जुलै २०२४ मध्ये न्यायालयाच्या विनंतीवरून एका नामांकित तंत्रशिक्षण संस्थेतील तीन तज्ज्ञांनी प्रश्न तपासला आणि ‘पहिले बरोबर, दुसरे चूक’ हा एकच पर्याय योग्य असल्याचे कळवले. ‘दोन्ही विधाने बरोबर’ हा पर्याय निवडलेल्या चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे प्रत्येकी पाच गुण गेले: मिळालेले चार आणि चुकीच्या उत्तराचा वजा एक. जुन्या पुस्तकावर विश्वास ठेवणाऱ्या मुलांबद्दल सहानुभूती वाटतेच, तरीही विषयाच्या दृष्टीने हा निर्णय योग्य होता, असे म्हणावे लागते. फोटोला उत्तर देणाऱ्यासाठी यातून एक ठोस कसोटी हाती येते. दोन पर्याय खरे वाटत असतील, तर ते दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात का, हे आधी पाहावे. असू शकत नसतील तर ‘दोन्ही बरोबर’ असे लिहू नये. वाद नेमका कोणत्या शब्दावर आहे तो शब्द दाखवावा आणि चालू आवृत्तीतील पान तपासायला सांगावे.

खरोखर समतुल्य पर्याय बुद्धिमत्ता चाचणीत अधिक आढळतात. २, ४, ८, ? अशी मालिका आणि १२, १४, १६, १८ असे पर्याय घेऊ. प्रत्येक संख्येची दुप्पट केली तर १६ येते. फरक २, ४, ६ असे वाढत गेले तर १४ येते. दिलेल्या तीन संख्यांवरून यांपैकी एक नियम दुसऱ्यापेक्षा खरा ठरत नाही. विद्यार्थ्याला दोन्ही नियम दाखवावेत, प्रश्न अपुरा आहे हे स्पष्ट सांगावे, आणि परीक्षेत निवड करावीच लागली तर दुपटीचा नियम सोपा असल्याने तालिकेत १६ असण्याची शक्यता जास्त आहे, हे स्वतंत्र वाक्यात लिहावे. विषयातील सत्य आणि तालिकेबद्दलचा अंदाज एकाच वाक्यात मिसळले, की मुलाला अंदाजच नियम वाटू लागतो.

महाराष्ट्रात आणखी एक सावधगिरी लागते. आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांत कमाल वीस टक्के प्रश्नांना मुद्दामच दोन अचूक पर्याय दिलेले असतात आणि ते दोन्ही नोंदवावे लागतात. प्रश्नाच्या शेवटी तशी सूचना छापलेली असते, पण फोटो कापताना नेमकी तीच ओळ अनेकदा बाहेर राहते. ‘चुकीचा पर्याय ओळखा’ यातला ‘चुकीचा’ हा शब्दही असाच सुटतो. म्हणून दोन पर्याय बरोबर दिसताच कोणत्या परीक्षेचा प्रश्न आहे हे विचारावे आणि वरच्या-खालच्या ओळींसह पूर्ण प्रश्नाचा फोटो पुन्हा मागावा.

एकही पर्याय जुळत नाही अशा प्रश्नांत बहुधा छपाईची चूक निघते. समजा, किंमत आधी २० टक्के वाढवून मग २० टक्के कमी केली तर किती फरक पडेल, असा प्रश्न आहे आणि पर्याय आहेत ‘४ टक्के वाढ’, ‘२ टक्के घट’, ‘फरक नाही’, ‘५ टक्के घट’. शंभराचे एकशेवीस होतात आणि त्यातून चोवीस गेल्यावर शहाण्णव उरतात, म्हणजे ४ टक्के घट. योग्य उत्तर असे लिहिता येईल: ‘हिशेबाने ४ टक्के घट येते, दिलेल्या पर्यायांत ती नाही. पहिल्या पर्यायात वाढऐवजी घट असे हवे होते, असे दिसते.’ आकडा जवळचा म्हणून ‘५ टक्के घट’ सांगणे मात्र चुकीचे आहे. प्रश्नात ‘अंदाजे’ किंवा ‘सर्वांत जवळचे’ असे शब्द असतील तरच जवळचा पर्याय उत्तर ठरतो.

मराठीतून परीक्षा देणाऱ्यांच्या बाबतीत चूक भाषांतरातही असू शकते. २०१८ च्या नीटमधील तमिळ प्रश्नपत्रिकेत ४९ प्रश्नांचे भाषांतर सदोष असल्याचे मान्य करून उच्च न्यायालयाने तमिळमधून परीक्षा दिलेल्यांना १९६ गुण देण्याचा आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने आधी त्याला स्थगिती दिली आणि नोव्हेंबरमध्ये तो रद्द केला. भाषांतराबद्दल शंका आल्यास इंग्रजी पाठ अंतिम मानला जाईल, असे नीटच्या सूचनांत लिहिलेले असते. त्यामुळे मराठी प्रश्नाचा एकही पर्याय जुळत नसेल, तर निर्णय देण्याआधी त्याच प्रश्नाच्या इंग्रजी पाठाचा फोटो मागवावा. तिथे पर्याय जुळला, तर प्रश्न चुकीचा नसून भाषांतर चुकले आहे असे विद्यार्थ्याला सांगावे, आणि तमिळ प्रकरण पाहता, केवळ त्या आधारावर गुण मिळतील अशी आशा त्याला दाखवू नये.