एग्मोरच्या वाळूतली अक्षरं आणि नववी-सातवीची जोडी

मोठ्या मुलांनी लहान मुलांना शिकवायचं ठरलं की शाळेत तीन प्रश्नांवर अडायला होतं. कुणाला कुणाशेजारी बसवायचं? शिकवणाऱ्या मुलाला आधी काय शिकवायचं? आणि उपयोग झाला हे मार्चमध्ये कशावरून म्हणायचं? या तिन्ही प्रश्नांची उत्तरं लोकांनी वेगवेगळ्या काळात, बऱ्याचदा चुकतमाकत शोधली. त्यांतलं पहिलं उत्तर आपल्याच देशात सापडलं होतं.

१७८९ साली मद्रासच्या एग्मोर भागात गोऱ्या सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी एक आश्रमशाळा सुरू होती. तिचा कारभार अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याकडे आला. हाताखालचे मास्तर निरुत्साही होते, पगार कमी आणि पाट्याही पुरेशा नव्हत्या. बेलने आसपासच्या एका देशी शाळेत मुलांना वाळूत बोटाने अक्षरं काढताना पाहिलं. आपल्याकडे याला धुळाक्षरं म्हणतात आणि पंतोजींच्या शाळेत मोठी पोरंच लहानांकडून ती गिरवून घेत, त्यामुळे आपल्याला यात नवल वाटू नये. बेलला वाटलं. त्याने हीच रीत अक्षरओळखीच्या वर्गात लावायला सांगितली, तर मास्तर म्हणाले, जमणार नाही. तेव्हा त्याने तो वर्ग जॉन फ्रिस्किन नावाच्या आठ वर्षांच्या मुलाच्या हाती दिला. त्याला ते जमलं.

१७९७ साली बेलने या प्रयोगाचा अहवाल लंडनमध्ये छापला. त्यात जोड्यांचा नियमही आहे: २४ जणांचा वर्ग असेल तर वरच्या १२ जणांनी खालच्या १२ जणांना एकास एक शिकवायचं. हा नियम लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे. त्याच सुमारास लंडनच्या साऊथवर्क भागात जोसेफ लँकास्टर एका मास्तरावर शेकडो मुलांची शाळा चालवू लागला होता. त्याच्याकडे शिकवण्याचं काम करणाऱ्या मुलांना मॉनिटर म्हणत. आपला वर्गाचा मॉनिटर फळ्यावर गडबड करणाऱ्यांची नावं लिहितो, त्यांचा मॉनिटर शिकवत असे. १८२०च्या दशकात मुंबईच्या नेटिव्ह स्कूल बुक सोसायटीनेही आपल्या मराठी-गुजराती शाळांसाठी लँकास्टरची रीत उचलली.

ही पद्धत पुढे मागे पडली, आणि तेही बरंच झालं म्हणावं लागेल. मॉनिटरला स्वतःला जेवढं येई तेवढंच तो म्हणून घेई. 'का' असं विचारलं की त्याची बोलती बंद. १८४६ नंतर इंग्लंडने १३ वर्षांवरच्या मुलांना पाच वर्षं उमेदवारीवर ठेवून शिक्षक घडवायला घेतलं आणि शिकवणारं मूल जवळजवळ शंभर वर्षं शाळेतून दिसेनासं झालं.

ते परत आलं १९६०च्या दशकात, न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत. तिथल्या एका योजनेत दहावी-अकरावीची मुलं चौथी-पाचवीच्या मुलांना वाचायला शिकवू लागली. त्यांना या कामाचे पैसे मिळत. शिकवणारी मुलं हुशार म्हणून निवडलेली नव्हती. वाचनात त्यांतली बरीचशी स्वतःच मागे होती. रॉबर्ट क्लोवर्डने १९६७ साली या योजनेचे निकाल मांडले. आठवड्याला चार तास शिकलेली लहान मुलं पाच महिन्यांत सहा महिन्यांइतकी पुढे गेली, न शिकलेली साडेतीन. हे अपेक्षितच होतं. अनपेक्षित होतं ते दुसरं: सात महिन्यांत शिकवणारे ३.४ वर्षांनी पुढे गेले आणि त्यांच्यासारखेच पण न शिकवणारे १.७ वर्षांनी. म्हणजे योजनेचा मोठा वाटा शिकवणाऱ्याच्याच पदरात पडला. तेव्हापासून 'कुणाला निवडायचं' या प्रश्नाचं उत्तर बदललं. फक्त पहिल्या पाच नंबरांना शिकवायला बसवणाऱ्या शाळा आजही दिसतात. ज्यांना सर्वांत जास्त फायदा होऊ शकतो, नेमके तेच त्यात वगळले जातात.

पण मागे असलेल्या मुलाला शिकवायला बसवायचं तर त्याच्यापेक्षा धाकटा विद्यार्थी हवा. नववीतल्या कच्च्या मुलाला सातवीचं गणित पुरतं, नववीचं नाही. मोठी यत्ता आणि लहान यत्ता अशी जोडी लावण्यामागचं खरं कारण हे आहे.

एकाच वर्गात जोड्या लावायच्या असतील तर हिशेब वेगळा. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात लिन आणि डग्लस फुक्स यांनी जी पद्धत बसवली, ती बेलच्या १२-१२ची सुधारलेली आवृत्तीच वाटते. ३० मुलांची चाचणीनुसार यादी करायची आणि ती मधोमध कापायची. मग पहिल्याची जोडी सोळाव्याशी, दुसऱ्याची सतराव्याशी, पंधराव्याची तिसाव्याशी. प्रत्येक जोडीत अंतर सारखंच १५ क्रमांकांचं. आपल्याकडे सहज सुचतं ते याच्या उलट, पहिल्याला तिसाव्याशेजारी बसवायचं. तसं केलं की पहिल्या जोडीत २९ क्रमांकांचं अंतर पडतं आणि पंधरावा-सोळाव्याच्या जोडीत जेमतेम एक. पहिली जोडी आठवड्याभरात कंटाळते. शेवटच्या जोडीत कोण कुणाला शिकवतंय हेच ठरत नाही. शिवाय फुक्स यांच्या पद्धतीत भूमिका अदलाबदलीने घ्यायच्या असतात आणि काही आठवड्यांनी जोड्या मोडून नव्या लावायच्या असतात, त्यामुळे 'ढ' हा शिक्का कुणावर कायमचा बसत नाही.

आता प्रशिक्षण. इथे मी माझ्या वर्गातलीच गोष्ट सांगते. आम्ही नववीच्या मुलांना सातवीला ऋण संख्या शिकवायला बसवलं होतं, प्रशिक्षण म्हणून अर्ध्या तासाचं भाषण देऊन. एका जोडीमागे मी उभी होते. उदाहरण होतं −३ − (−५). धाकटा अडला आणि म्हणाला, "दादा, सांग ना." दादा म्हणाला, "अरे, दोन वजा आले की अधिक होतं, झालं!" धाकट्याने −३ + ५ करून २ लिहिले. पुढचं उदाहरण −३ − ५ होतं. तिथेही त्याला दोन वजा दिसले, म्हणून त्याने उत्तर लिहिलं ८. दादाने वहीकडे पाहिलं, ८ खोडून −८ लिहिलं आणि पान उलटलं. दादाची चूक नव्हती. शिकवणं म्हणजे उत्तर सांगणं असंच त्याने आजवर पाहिलं होतं.

या दुखण्यावरचा उपाय स्कॉटलंडच्या कीथ टॉपिंग यांनी जोडीवाचनात फार नेमका बसवला आहे. सुरुवातीला दोघांनी एकत्र मोठ्याने वाचायचं. धाकट्याला एकट्याने वाचावंसं वाटलं की त्याने ठरलेली खूण करायची, मोठ्याने गप्प बसायचं. धाकटा अडला किंवा चुकला तर चार-पाच सेकंद थांबायचं. तरी जमलं नाही तरच शब्द सांगायचा, त्याच्याकडून म्हणून घ्यायचा आणि पुन्हा एकत्र वाचन सुरू. शिकवणाऱ्या मुलाला व्याकरण, मानसशास्त्र यातलं काही लागत नाही. त्याला थांबता आलं पाहिजे, आणि चार-पाच सेकंद थांबणं हे चौदा वर्षांच्या मुलासाठी सर्वांत कठीण काम आहे.

दुसऱ्या वर्षी आम्ही भाषण बंद केलं. नववीची मुलंच आपसांत जोडीने बसली आणि एकाने मुद्दाम ठरलेल्या चुका करायच्या, दुसऱ्याने बाकाखाली बोटांवर पाच मोजून मगच तोंड उघडायचं असा सराव दोन तास करून घेतला. गणितासाठी एक कार्ड दिलं. त्यावर तीनच ओळी होत्या: पाच मोज, "हे वजा चिन्ह संख्येचं की वजाबाकीचं?" असं विचार, मग संख्यारेषेवर त्यालाच उड्या मारायला सांग. कार्डावर उत्तर कुठेच नव्हतं. प्रशिक्षण मुरलं की नाही हे ओळखायची सोपी खूण म्हणजे पेन कुणाच्या हातात आहे. दहा मिनिटांत पेन तीनदा मोठ्याच्या हातात दिसलं, तर ती जोडी पुन्हा सरावाला.

मूल्यमापनाकडे वळताना पुन्हा बेलच्या गावी जावं लागतं. तो मूळचा स्कॉटलंडमधल्या फाइफ परगण्यातल्या सेंट अँड्र्यूज गावचा. त्याने ठेवलेल्या पैशांतून तिथे उभी राहिलेली माध्यमिक शाळा आजही 'मद्रास कॉलेज' हेच नाव मिरवते. याच फाइफमधल्या १२९ प्राथमिक शाळांत टॉपिंग आणि डरहॅम विद्यापीठाच्या मंडळींनी वाचन आणि गणिताच्या जोड्यांचा मोठा प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी शाळांची वाटणी केली होती, कुठे एकाच यत्तेच्या जोड्या, कुठे मोठी-धाकटी यत्ता. २०११ साली निकाल छापून आले: मोठ्या-धाकट्या जोड्यांना माफक पण खरा फायदा, समवयस्क जोड्यांना म्हणावा असा नाही.

मग हेच माध्यमिक शाळेत नेलं. ईशान्य इंग्लंडमधल्या शाळांत तिथल्या नवव्या वर्षाची मुलं सातव्या वर्षाच्या मुलांबरोबर १६ आठवडे जोडीवाचन करत होती. २०१५ साली स्वतंत्र मूल्यमापन जाहीर झालं. फायदा शून्य, धाकट्यांनाही नाही आणि मोठ्यांनाही नाही.

हे वाचून योजना गुंडाळावी असं मला वाटत नाही, पण हा निकाल एका गोष्टीमुळेच हाती आला हे पाहण्यासारखं आहे. तिथे तुलनेला जोड्या न लावलेली मुलंही होती. ती नसती तर काय दिसलं असतं? समजा, सातवीच्या दोन तुकड्यांत २० गुणांची चाचणी घेतली आणि ७ च्या खाली गुण मिळालेली मुलं निवडली. 'अ' तुकडीतल्यांना दहा आठवडे नववीचे दादा-ताई दिले, 'ब' तुकडीतल्यांना काही दिलं नाही. 'अ'ची सरासरी ५ वरून ९ झाली. चार गुण वाढले, फोटो काढावा असा आकडा! पण 'ब'ची सरासरीही ५ वरून ८ झालेली असते. काही वर्गातल्या शिकवण्यामुळे, आणि काही यामुळे की सर्वांत कमी गुणवाल्यांना वेचून काढलं की त्यात ताप आलेला, पान उलटायला विसरलेला, त्या दिवशी नशीब रुसलेला असे काही जण असतातच. पुढच्या चाचणीत ते आपोआप वर येतात. योजनेची कमाई चार गुणांची नसून एकाची. 'ब' तुकडी मोजली नसती तर हे कळलंच नसतं.

'ब'वर अन्याय होतो अशी तक्रार पालकसभेत येते आणि ती रास्त असते. यावर तोडगा म्हणजे पाळी. पहिल्या सत्रात 'अ', दिवाळीनंतर 'ब'. कुणी वंचित राहत नाही आणि पहिल्या सत्रापुरती तुलनाही मिळते. चाचणी मात्र नववीच्या मुलांचीही घ्यायची, शिकवणाऱ्यांची आणि न शिकवणाऱ्यांचीही. क्लोवर्डला १९६७ साली जे दिसलं ते आपल्या शाळेत घडतंय का, हे त्याशिवाय दिसायचं नाही. शिवाय शिकवायला आपणहून पुढे आलेल्या मुलांची तुलना न आलेल्यांशी करून चालत नाही, कारण हात वर करणारा मुळातच वेगळा असतो. हात वर केलेल्यांच्याच चिठ्ठ्या टाकायच्या, निम्मे आत्ता, निम्मे दिवाळीनंतर.

आणि हजेरीचं एक पान ठेवायचं, किती वेळा जोडी खरोखर बसली याचं. आमच्याकडे वीस बैठका ठरल्या होत्या. गॅदरिंग, सहामाही आणि क्रीडा सप्ताह वजा जाता बहुतेक जोड्या अकरा वेळाच बसल्या होत्या.