तिप्पट दिसणारा स्तंभ

'हे बघा, धंदा तिप्पट झालाय!' असं म्हणत कुणीतरी दुकानदाराला अहवालातल्या एका पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवतो. फोटोत पाच वर्षांचे पाच स्तंभ असतात. शेवटचा स्तंभ पहिल्याच्या तिप्पट उंच दिसतो आणि माल जास्त भरावा की काय, असा विचार मनात सुरू होतो. अशा फोटोत स्तंभांकडे सगळ्यात शेवटी बघावं. आधी डावीकडचा उभा अक्ष बघावा, त्यातही त्याचा तळ.

एक उदाहरण घेऊ. आडव्या अक्षावर वर्षं आहेत. उभ्या अक्षावर खालून वर 80, 85, 90, 95 असे आकडे आहेत आणि त्याच्या कडेला आडवं, बारीक अक्षरांत लिहिलंय: 'उलाढाल, कोटींमध्ये, चालू किमतींनुसार'. यातले शेवटचे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आता मोजायचं कसं? शाळेत आलेखाच्या कोपऱ्यात आपण 'प्रमाण' लिहायचो, तेच इथे शोधायचं. स्क्रीनवर फोटो मोठा करून पट्टी लावा. पण फोटो तिरका असतो, ही यातली गंमत. मोबाइल खालच्या बाजूने झुकवून धरला, तर पानाचा वरचा भाग कॅमेऱ्यापासून लांब जातो आणि आखूड दिसतो. समजा, 80 आणि 85 च्या रेषांमध्ये 25 मिलिमीटर अंतर भरलं, पण 90 आणि 95 मध्ये फक्त 20. आकडे सारख्या टप्प्याने वाढतायत आणि अंतरं मात्र वर जाताना आकसतायत, म्हणजे फोटो तिरका आहे. अशा वेळी एकच प्रमाण सगळीकडे लावू नये. स्तंभाचं टोक ज्या दोन रेषांमध्ये येतं, त्यांच्यातलंच अंतर धरावं. शेवटच्या स्तंभाचं टोक 90 च्या वर 8 मिलिमीटर आहे. तिथे 20 मिलिमीटर म्हणजे 5 कोटी, तर 8 म्हणजे 2. उत्तर 92. पहिल्या स्तंभाचं टोक 80 च्या वर 20 मिलिमीटर आहे. तिथे 25 मिलिमीटरना 5 कोटी, म्हणून 84. डावी-उजवी बाजू तिरकी असेल, तर स्क्रीनच्या कडेला समांतर न जाता छापलेल्या आडव्या रेषेच्याच दिशेने टोकापासून अक्षापर्यंत यायचं. जाड अहवालात शिवणीजवळ पान वळलेलं असतं. तिथल्या स्तंभाचा आकडा अंदाजच समजावा.

आता माझा आवडता भाग. स्तंभालेखात आकडा सांगते ती स्तंभाची लांबी, आणि लांबी शून्यापासून मोजली तरच तिला अर्थ. मग आपल्या चित्रात शून्य कुठे आहे? तळाच्या प्रमाणाने 5 कोटींना 25 मिलिमीटर, तर 80 कोटींना 400 मिलिमीटर. म्हणजे शून्य 80 च्या रेषेखाली 40 सेंटिमीटरवर आहे, जवळजवळ तुमच्या मांडीत! तिथून याच प्रमाणाने स्तंभ काढले, तर पहिला 42 सेंटिमीटर आणि शेवटचा 46. टेप धरून बघा, फरक चार बोटांहूनही कमी. 84 वरून 92, म्हणजे चार वर्षांत साधारण साडेनऊ टक्के वाढ. अहवालात तळाची रेष 80 वर दिली म्हणून वरचे 4 आणि 12 एवढेच तुकडे दिसले, आणि 12 हे 4 च्या तिप्पट. अक्ष असा कापला असेल, तर तळाशी नागमोडी खूण करायची पद्धत आहे. पण फोटो काढताना नेमका तळच कापला जातो, आणि त्यासोबत तळटीपही. म्हणून अख्ख्या पानाचा फोटो मागून घ्यावा. स्तंभांवरून वर जाणारा लाल बाण काढलेला असेल, तर त्याला कुंडलीतल्या भविष्याइतकीच किंमत द्यावी. तो बाण कुणी मोजून काढलेला नसतो.

उरले ते दोन शब्द: 'चालू किमतींनुसार'. म्हणजे त्या-त्या वर्षी जो भाव होता, त्यानेच उलाढाल मोजली. समजा, याच चार वर्षांत त्या मालाचे भाव 12 टक्क्यांनी वाढले. मग 92 ला 1.12 ने भागायचं. येतात साधारण 82. पहिल्या वर्षी होते 84. म्हणजे पैसे जास्त फिरले, माल मात्र किंचित कमीच खपला. 'स्थिर किमतींनुसार' असं लिहिलं असतं, तर हा भागाकार आधीच झालेला असता. भाववाढीचा आकडा मात्र सरसकट महागाईचा घेऊन चालत नाही, आपल्याच मालाचा लागतो. तो दुकानदाराला जुन्या खरेदीच्या बिलांत सापडतो: एकाच वस्तूचं तेव्हाचं आणि आत्ताचं बिल शेजारी ठेवायचं, आणि जास्त खपणाऱ्या पाच-सहा वस्तूंसाठी हेच करायचं.