कुसमाऊल श्वसन

मधुमेह हाताबाहेर जाऊन रक्तात आम्ल साचले की रुग्ण एका लयीत, खोल आणि कष्टाने श्वास घेऊ लागतो. या श्वासाला कुसमाऊल श्वसन म्हणतात. जर्मन वैद्य आडोल्फ कुसमाऊल यांनी १८७४ मध्ये मधुमेहाने बेशुद्ध होणाऱ्या रुग्णांत त्याचे वर्णन केले. श्वासमार्ग मोकळा, छाती पुरती फुगते आहे, तरीही रुग्ण हवेसाठी तळमळतो, ही विसंगती त्यांनी टिपली.

दोष फुप्फुसांत नसतोच. इन्सुलिन नसले की शरीर चरबी जाळते आणि यकृतात कीटोन आम्ले तयार होतात. ती शमवताना रक्तातील बायकार्बोनेट खर्ची पडते. वाढलेली आम्लता मानेतील धमन्यांजवळचे आणि मेंदूतले संवेदक ओळखतात व श्वसनकेंद्राला चेतवतात. कार्बन डायऑक्साइड रक्तात विरघळून आम्लच बनतो. तो जितका बाहेर टाकला जाईल तितकी आम्लता उतरते. मूत्रपिंडांना याच कामाला दिवस लागतात, फुप्फुसे मात्र लगेच कामाला लागतात.

एक नमुन्याचा रुग्ण घेऊ. एकोणीस वर्षांचा तरुण, उलट्या होत होत्या म्हणून ‘पोटात काही नाही, मग इन्सुलिन कशाला’ असे म्हणत त्याने दोन दिवस इंजेक्शन घेतले नाही. (हा समज फार घात करतो.) बायकार्बोनेट २४ वरून ८ मिलिमोलवर आले. अशा वेळी कार्बन डायऑक्साइडचा दाब किती असावा, याचा आडाखा सोपा आहे: बायकार्बोनेटची दीडपट अधिक ८, म्हणजे २०; दोन इकडेतिकडे. त्याचा दाब २० मिलिमीटर निघाला आणि पीएच ७.२२. श्वास वाढलाच नसता, दाब नेहमीचा ४० राहिला असता, तर पीएच ६.९२ पर्यंत घसरला असता. पीएचची नेहमीची ७.४ची पातळी मात्र या श्वासाने परत येत नाही. भरपाई अपुरीच राहते.

याच रुग्णाचा दाब ३२ आला असता तर ती सुधारणा नव्हे. छातीचे स्नायू थकले आहेत किंवा फुप्फुसाचाही आजार आहे, असा त्याचा अर्थ. श्वास उथळ होणे, गुंगी वाढणे हीही थकव्याची चिन्हे. अशाला कृत्रिम श्वसनावर ठेवताना यंत्राचा वेग नेहमीचाच ठेवला तर कार्बन डायऑक्साइड झपाट्याने चढतो आणि हृदय बंद पडू शकते.

लहान मुलांत हा श्वास न्यूमोनिया किंवा दमा समजला जातो. छाती स्वच्छ, ऑक्सिजन पुरेसा, तोंडाला जास्त पिकलेल्या फळासारखा वास आणि सारखी लघवी, असे दिसले तर बोटातून रक्ताचा थेंब घेऊन साखर बघावी. मूत्रपिंडे निकामी होणे किंवा ॲस्पिरिनची विषबाधा यांतही असाच श्वास दिसतो, म्हणून साखरेबरोबर कीटोनही तपासतात. शिरेतून सलाईन, इन्सुलिन व पोटॅशियम नेमाने दिल्यावर कीटोन उतरतात, आणि श्वास आपोआप शांत होतो.