कॅरॅव्हॅन जोडल्यावर हवा किती आणि कोणत्या चाकाला?

पंक्चरच्या दुकानासमोर गाडी लावली की आतून प्रश्न येतो, "किती टाकू?" आणि बहुतेकांचं उत्तर पाठ असतं, "चारीला तेहतीस मारा." मागे कॅरॅव्हॅन किंवा ट्रेलर जोडलेला असेल तर हे उत्तर पुरत नाही. मग सल्ले सुरू होतात. एक जण म्हणतो, "वजन तर त्याच्या स्वतःच्या चाकांवर आहे, गाडीला काय फरक पडतो?" दुसरा म्हणतो, "एवढं ओढायचंय, चारीला पंचेचाळीस मारून टाका." पहिला सल्ला मागच्या टायरचा घात करतो आणि दुसरा पुढच्या टायरची पकड घालवतो. नेमकी हवा ठरवायची तर आधी एक गोष्ट कळायला हवी: कॅरॅव्हॅनचं किती वजन गाडीवर येतं आणि ते गाडीच्या कोणत्या चाकांवर येतं?

त्याही आधी गाडीची पुस्तिका उघडायची. आपल्याकडच्या कित्येक छोट्या गाड्यांच्या पुस्तिकेत ही गाडी ट्रेलर ओढण्यासाठी नाही असं लिहिलेलं असतं. तसं असेल तर विषय तिथेच संपला. कितीही हवा भरली तरी क्लच, ब्रेक आणि चासी बदलत नाहीत. परवानगी असेल तर ओढायचं कमाल वजन आणि हुकावरचा कमाल भार असे दोन आकडे शोधायचे. या लेखात दुसऱ्या आकड्याचं काम जास्त आहे.

समजा, सोलापूरचं एक चौघांचं कुटुंब मे महिन्यात उजनीच्या काठावर दोन दिवस मुक्कामाला निघालंय. मागे एकाच आसाची छोटी कॅरॅव्हॅन आहे, सामानासकट 750 किलोची. या 750 पैकी बहुतेक वजन कॅरॅव्हॅनच्या दोन चाकांवर असतं. पण तिचं नाक गाडीच्या हुकावर टेकलेलं असतं आणि तिथे थोडा भार मुद्दाम ठेवावाच लागतो. युरोपातल्या कॅरॅव्हॅनवाल्यांचा साधारण नियम आहे एकूण वजनाच्या 5 ते 7 टक्के. आपल्या उदाहरणात तो 60 किलो धरू, म्हणजे 8 टक्के. नियमापेक्षा जरा जास्त आहे, पण गाडीच्या मर्यादेत बसत असेल तर चालतो.

आता हे 60 किलो गाडीच्या मागच्या चाकांवर 60 किलो म्हणूनच उतरत नाहीत. हूक मागच्या आसाच्याही मागे असतो. पहारीच्या एका टोकावर जोर दिला की टेकणीपलीकडचं टोक उचललं जातं, तसं इथे होतं: मागचा आस टेकण बनतो आणि गाडीचा पुढचा भाग किंचित उचलला जातो. पुढच्या चाकांनी सोडलेला भारही मागच्या चाकांच्याच माथी येतो. पुढच्या आणि मागच्या आसांमध्ये 2.6 मीटर अंतर आहे आणि मागच्या आसापासून हूक 1 मीटर मागे आहे असं धरा. मग मागच्या आसावर वाढलेला भार होतो 60 गुणिले 3.6 भागिले 2.6, म्हणजे 83 किलो. पुढची चाकं 23 किलोंनी हलकी होतात. हुकावर साठ ठेवले आणि मागच्या चाकांनी त्र्याऐंशी उचलले.

म्हणून हवेचा हिशोब सुरू होतो तो वजनकाट्यापासून. नाकाचा भार घरीच मोजता येतो. कॅरॅव्हॅन सपाट जमिनीवर उभी करायची, चाकांपुढे-मागे दगड लावायचे आणि नाकाखाली घरातला वजनकाटा ठेवायचा. काटा आणि नाक यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा असा उभा करायचा की नाक हुकाच्याच उंचीवर राहील. मग पुढचं आधाराचं छोटं चाक उचलायचं आणि काटा वाचायचा. उंची चुकली तर आकडाही चुकतो, कारण नाक वर-खाली झालं की वजनाचा मध्य पुढे-मागे सरकतो. काटा 100 दाखवत असेल तर पाण्याचे कॅन पुढून काढून चाकांच्या वर आणायचे. 20 दाखवत असेल तर मागे ठेवलेलं जड सामान पुढे घ्यायचं. नाक हलकं असलं की कॅरॅव्हॅन वेगात शेपटीसारखी डोलू लागते आणि हा दोष हवेने झाकला जात नाही. सामान बसवायचं आधी, हवा भरायची नंतर.

आता हवा. चालकाच्या दाराजवळच्या खांबावर एक पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर बहुतेक वेळा दोन ओळी असतात, एक हलक्या भाराची आणि एक पूर्ण भाराची. आपल्या गाडीची पट्टी हलक्या भाराला चारही चाकांना 33 आणि पूर्ण भाराला पुढे 33, मागे 38 पीएसआय सांगते असं समजू. चौघं बसल्यावर मागच्या आसावर 700 किलो होते, म्हणजे एका टायरवर 350. त्यात 83 मिळाले की एका टायरवर साधारण 391 किलो येतात, जवळपास 12 टक्के जास्त. टायरचा भार मुख्यतः आतली हवाच पेलते, म्हणून सरळ प्रमाणाने 33 चे 37 होतात. प्रत्यक्षात टायरला भाराच्या प्रमाणापेक्षा थोडी जास्तच हवा लागते. पट्टीवरचे 38 त्याच्याशी जुळतात, म्हणून मागे 38 आणि पुढे 33. पुढची चाकं हलकी झाली म्हणून तिथली हवा कमी करायची नाही, कारण वळवायचं आणि सगळ्यात जास्त ब्रेक लावायचं काम तीच करतात. तुमच्या पुस्तिकेत ट्रेलरसाठी वेगळा आकडा दिला असेल तर तोच खरा. आणि टायरच्या भिंतीवर कमाल म्हणून छापलेला आकडा ही टायरची मर्यादा असते, भरायची हवा नव्हे.

पाच पीएसआयने असा काय फरक पडतो? सोलापूर-पुणे महामार्गावर ताशी 70 ने जाताना चाक सेकंदाला साधारण दहा फेरे घेतं. म्हणजे टायरच्या भिंतीचा प्रत्येक भाग सेकंदाला दहा वेळा रस्त्यालगत दबतो आणि सुटतो, तासाला छत्तीस हजार वेळा. रबर दबताना घेतलेली ऊर्जा सुटताना पूर्ण परत देत नाही, काही भाग उष्णता होऊन आतच राहतो. हवा कमी आणि भार जास्त असला की भिंत जास्त वाकते आणि ही उष्णता वाढत जाते. शेवटी थर सुटतात. टायर फुटतो तो उन्हाने असं आपण म्हणतो, पण ऊन फक्त भर घालतं. मुख्य उष्णता वाकण्याची असते.

दुसरा फरक स्टिअरिंगवर कळतो. शेजारून ट्रक गेला की वाऱ्याचा झोत कॅरॅव्हॅनच्या उंच भिंतीवर बसतो आणि ती गाडीची शेपूट आडवी ढकलते. त्या ढकलण्याला मागचे टायर अडवतात. त्यांच्या भिंती मऊ असतील तर त्या आधी आडव्या झुकतात, मग अडवतात. तेवढ्या उशिरात डोलणं वाढतं. झोत गेल्यावर गाडीचा मागचा भाग एकदाच हलून थांबला तर ठीक. दोन-तीन वेळा डावी-उजवीकडे झाला तर ॲक्सिलरेटर सोडून वेग आपोआप उतरू द्यायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि पुढे थांबून हवा आणि नाकाचा भार दोन्ही तपासायचे.

सगळ्यात मोठी चूक मात्र दुपारच्या थांब्यावर होते. पट्टीवरचे आकडे थंड टायरचे असतात, म्हणजे काही तास उभ्या असलेल्या गाडीचे. पहाटे 27 अंशांना तुम्ही मागे 38 भरले. सावळेश्वरचा टोलनाका ओलांडून टेंभुर्णीला पोचेपर्यंत ऊन चढलं, टायर आणि आतली हवा 57 अंशांपर्यंत तापली. बंद जागेतल्या हवेचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो. 27 अंश म्हणजे 300 केल्विन, 57 म्हणजे 330, म्हणजे दाब दहा टक्क्यांनी वाढणार. पण हे दहा टक्के गेजवरच्या आकड्याचे नव्हेत. गेज फक्त बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असलेला दाब दाखवतो. सोलापूरच्या उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब सुमारे 14 पीएसआय असतो. म्हणून आतला खरा दाब 52, त्याचे झाले 57, आणि गेजवर दिसतात 43.

त्रेचाळीस बघून हवा भरणारा काळजीने म्हणतो, "साहेब, जास्त झालीय, पाच काढू?" काढू द्यायची नाही. ही वाढ टायर बनवणाऱ्यांनी धरलेलीच असते. ती काढून 38 केली तर दुसऱ्या दिवशी पहाटे टायर थंड झाल्यावर गेज 33 दाखवेल. कॅरॅव्हॅनसाठी वाढवलेली सगळी हवा गेली, आणि परतीचा भार तर तेवढाच आहे. नायट्रोजन भरला तरी हा हिशोब बदलत नाही. साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो.

राहिले कॅरॅव्हॅनचे स्वतःचे टायर. 750 मधून 60 वजा केले की 690 उरतात, एका चाकावर 345. भार गाडीच्या टायरएवढाच दिसतो, म्हणून पंक्चरवाला इथेही सवयीने तेहतीस मारतो. पण अनेक कॅरॅव्हॅनना छोट्या मालवाहू गाड्यांचे टायर असतात, त्यांच्या मापाच्या शेवटी सी हे अक्षर असतं. अशा टायरची हवा पूर्ण भाराला 65 पीएसआयपर्यंतही जाते. कॅरॅव्हॅनच्या पाटीवर किंवा टायर कंपनीच्या तक्त्यात जो आकडा असेल तोच भरायचा. इथे ढिलाई जास्त महागात पडते, कारण कॅरॅव्हॅनचा टायर बसला तरी चालकाला पुढे फार काही जाणवत नाही आणि गाडीतला हवेचा इशारा देणारा दिवा कॅरॅव्हॅनची चाकं पाहत नाही. म्हणून प्रत्येक थांब्यावर खाली उतरून हाताची मागची बाजू दोन्ही टायरजवळ आणि मधल्या हबजवळ न्यायची. दोन्ही बाजू सारख्या गरम असतील तर चांगलं. एकच टायर जास्त तापला असेल तर त्यात हवा कमी आहे, आणि हब तापला असेल तर ब्रेक धरून राहिलाय किंवा बेअरिंग जातंय. उन्हाची बाजू थोडी गरम असणारच, तेवढा फरक सोडून द्यायचा. वर्षभर अंगणात उन्हात उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनच्या टायरची नक्षी नवी दिसते, पण भिंतीवर बारीक तडे गेलेले असतात. तसे टायर बदलूनच निघायचं.

घरी येऊन कॅरॅव्हॅन सोडली की मागची हवा पुन्हा 33 वर आणायची. रिकाम्या गाडीला मागे 38 ठेवले तर टायरचा मधलाच पट्टा रस्त्याला नीट टेकतो, तिथेच तो झिजतो आणि पावसाच्या पहिल्या सरीत मागची चाकं लवकर घसरतात. हे काम पोचल्या पोचल्या करायचं नाही. रात्रभर गाडी उभी राहू द्यायची आणि सकाळी ऊन टायरवर यायच्या आधी गेज लावायचं.